युनिफॉर्मची खिडकी

हॉटेलच्या किचनमध्ये शेफ जो पांढरा कोट घालतात, त्याच्या छातीवर बटणांच्या दोन रांगा असतात. बाहेरून बघणाऱ्याला ती शोभा वाटते. प्रत्यक्षात या दोन रांगांमुळे कोटाचा एक भाग दुसऱ्यावर पूर्ण चढतो आणि छातीवर कापडाचा दुहेरी थर तयार होतो. कढईतून तेल उडालं किंवा झाकण काढताना वाफेचा झोत अंगावर आला, तर तो थर कातडी वाचवतो. शिवाय वरचा भाग डागाळला तर बटणं उलट्या बाजूने लावता येतात. मग डाग आत जातो आणि स्वच्छ बाजू बाहेर येते. बाह्या मनगटापर्यंत लांब असतात, कारण ओव्हनच्या दाराची कड नेमकी कोपराखाली भाजते. कापड जाड सुती असतं, कारण कृत्रिम धाग्याचं कापड आचेने मऊ होऊन कातडीला चिकटण्याचा धोका असतो. एप्रनचे बंद पाठीमागून फिरवून पुढे आणून बांधतात. अंगावर गरम रस्सा सांडला तर गाठ एका ओढीत सुटली पाहिजे, आणि ती पाठीमागे असेल तर घाईत सापडत नाही. बूट पुढून बंद आणि बिनलेसचे, म्हणजे आत गरम तेल गेलं तर पाय झटकून लगेच काढता येतात.

आता जून महिन्यात किचनमध्ये नव्याने आलेला ट्रेनी डोळ्यांसमोर आणा. बाहेर उकाडा, आत चार भट्ट्या पेटलेल्या. त्याला फक्त एवढंच सांगितलंय की कोटाची सगळी बटणं लावलेली असली पाहिजेत, नाहीतर ड्युटी लागणार नाही. शेफची पाठ फिरली की तो वरची तीन बटणं सोडणार आणि बाह्या दुमडणार. हे अगदी स्वाभाविक आहे. त्याच ट्रेनीला पहिल्या दिवशी शेफनी शेजारी उभं करून, स्वतःच्या हातावरचा जुना भाजल्याचा व्रण दाखवून, बाही खाली का ठेवायची हे समजावलं, तर तो बाही खाली ठेवतो. त्याच्यावर नजर ठेवावी लागत नाही.

हॉटेलातल्या युनिफॉर्म आणि ग्रूमिंगच्या नियमांबद्दल मला जे म्हणायचंय ते याच्याशीच जोडलेलं आहे. बहुतेक नियमांमागे चांगलं, शरीराशी किंवा कामाशी संबंधित कारण असतं. पण नियमाचा कागद लिहिताना कारण गळून जातं आणि फक्त धाक उरतो. त्याहून वाईट म्हणजे नियम पाळण्यासाठी हॉटेलने जे पुरवायला हवं, तेही गळून जातं. टाइम ऑफिसशेजारच्या बोर्डावर लागलेले असे कागद अनेकांनी पाहिले असतील: नखं वाढलेली आढळल्यास कारवाई करण्यात येईल, बुटांना पॉलिश नसल्यास गैरहजेरी लावण्यात येईल, अंगाला दुर्गंधी आल्यास घरी पाठवण्यात येईल. यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. ज्या गोष्टीची माणसाला मुळातच लाज वाटते, तीच इथे चारचौघांत, छापील अक्षरांत, शिक्षेसकट मांडलेली असते. आणि त्या वासाचं मूळ बरेचदा त्या माणसाकडे नसतंच.

हे मूळ कुठे असतं ते नीट बघू. त्यासाठी एका मध्यम हॉटेलचा हिशेब मांडू या. महामार्गालगतचं साठेक खोल्यांचं हॉटेल आहे असं समजा. रेस्टॉरंटचे स्टीवर्ड दोन पाळ्यांत येतात. सकाळची पाळी सातला सुरू होऊन साडेतीनला सुटते. दुसरी पाळी दुपारी तीनला येते आणि रात्री साडेअकराला सुटते. प्रत्येकाला युनिफॉर्मचे दोन जोड दिलेले आहेत. हाउसकीपिंगच्या ताब्यात युनिफॉर्म रूम असते आणि तिला एक खिडकी असते. मळका जोड द्यायचा, धुतलेला घ्यायचा, रजिस्टरवर सही करायची. ही खिडकी सकाळी सहाला उघडते आणि रात्री आठला बंद होते. लाँड्रीत युनिफॉर्मची धुलाई सकाळी लागते आणि इस्त्री होऊन कपडे संध्याकाळी रॅकवर येतात.

सकाळच्या पाळीतला स्टीवर्ड सोमवारी पहिला जोड घालतो आणि साडेतीनला सुटताना खिडकीत देतो. तो मंगळवारी सकाळी धुतला जातो आणि संध्याकाळी तयार होतो. मंगळवारी तो दुसरा जोड घालतो. बुधवारी सकाळी पहिला जोड रॅकवर त्याची वाट बघत असतो. दोन जोडांत त्याचं व्यवस्थित भागतं आणि रोज धुतलेला शर्ट अंगावर येतो.

दुसऱ्या पाळीतल्या स्टीवर्डचं काय होतं? सोमवारी रात्री साडेअकराला तो सुटतो तेव्हा खिडकी बंद असते. घामाने भिजलेला शर्ट तो लॉकरमध्ये टांगतो आणि घरी जातो. मंगळवारी दुपारी तीनला तो शर्ट देतो आणि दुसरा जोड घेतो. पण मंगळवारची धुलाई सकाळीच लागून गेलेली असते. त्याचा पहिला जोड बुधवारी सकाळी धुतला जातो आणि संध्याकाळी तयार होतो. त्याला तो हवा असतो बुधवारी दुपारी तीनला. म्हणून बुधवारी तो कालचाच दुसरा जोड पुन्हा घालतो. गुरुवारी पहिला मिळतो, शुक्रवारी तोच परत, शनिवारी बदल. आठवड्यात दोन दिवस तो आदल्या दिवशी घामेजलेला आणि रात्रभर बंद लोखंडी लॉकरमध्ये कोंडलेला शर्ट घालून गेस्टच्या टेबलाशी वाकतो. मग कॅप्टन ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणतो, "आंघोळ करून येत जा रे."

हा माणूस आंघोळ करून आलेला असतो. दोघांना दोन-दोनच जोड दिले म्हणजे समान वागणूक दिली असं कागदावर दिसतं. घड्याळाशी ताडून बघितल्यावर कळतं की एकाला पुरतात आणि दुसऱ्याला पुरूच शकत नाहीत.

हे ओळखायची सोपी जागा म्हणजे खिडकीवरचं रजिस्टर. सहा दिवस कामावर असलेल्या माणसाच्या नावापुढे आठवड्याला सहा सह्या हव्यात. वरच्या हिशेबात दुसऱ्या पाळीवाल्याच्या तीनच होतात: मंगळवार, गुरुवार, शनिवार. तक्रारी कोणत्या पाळीच्या आहेत आणि कोणत्या वाराच्या आहेत हे रजिस्टरशेजारी ठेवून पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. तक्रारी एकाच पाळीच्या आणि ठराविक वारांच्या असतील, तर दोष व्यवस्थेत आहे. रोज धुतलेला शर्ट मिळूनही एकाच माणसाबद्दल सगळ्या वारी तक्रार असेल, तर त्याच्याशी बोलायला हवं. कसं बोलायचं ते पुढे येईलच.

उपाय महाग नाही. खिडकीबाहेर रात्री एक झाकणाची, हवेशीर टोपली ठेवायची. प्रत्येक शर्टाच्या आतल्या बाजूला कर्मचाऱ्याचा नंबर असतोच. सुटताना मळका जोड टोपलीत टाकायचा आणि शेजारच्या वहीत नंबर लिहायचा. सोमवारी रात्रीचा शर्ट मंगळवारच्या सकाळच्या धुलाईत जातो, संध्याकाळी तयार होतो आणि बुधवारी दुपारी तीनला मिळतो. फक्त टोपली ठेवल्याने दोन जोड पुरायला लागतात. तरीही हाउसकीपिंगमध्ये जुने लोक तीन जोडांचा आग्रह धरतात आणि तो बरोबर आहे: एक अंगावर, एक लाँड्रीत, एक रॅकवर. उसवलेली शिवण, सांडलेली करी, लाँड्रीची सुट्टी यांसाठी तिसरा लागतोच. धुलाई बाहेर दिली असेल आणि कपडे यायला दोन दिवस लागत असतील, किंवा कोकणात, गोव्यात पावसाळ्यात कपडे वाळायलाच वेळ लागत असेल, तर चौथ्याचाही विचार करावा लागतो. ड्रायर असला की प्रश्न बराच सुटतो. पण लहान हॉटेलांत तो असलाच तर आधी चादरी-टॉवेलांसाठी राखलेला असतो.

वासाचं दुसरं मूळ कापडात असतं. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो. काखेतल्या घामावर तिथले जिवाणू काम करतात आणि त्यातून वास तयार होतो. सुती कापड घाम शोषून घेतं आणि धुतल्यावर बऱ्यापैकी मोकळं होतं. पॉलिएस्टर पाणी फार शोषत नाही, पण त्वचेवरचा तेलकट अंश धरून ठेवतं आणि तो साध्या धुण्याने पूर्ण निघत नाही. हॉटेलं पॉलिएस्टर जास्त असलेलं मिश्र कापड निवडतात, कारण त्याला सुरकुत्या कमी पडतात, रंग टिकतो आणि इस्त्री लवकर होते. ही कारणंही खोटी नाहीत. पण मग त्याची एक खूण माहीत असावी. धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट रॅकवर असताना वासाला ठीक वाटतो आणि अंगात घातल्यावर अर्ध्या तासात, शरीराची ऊब लागली की, काखेपाशी जुना वास वर येतो. असं झालं तर तो वास त्या दिवशीच्या घामाचा नाही, कापडात साठलेला आहे. असे शर्ट उलटे करून, कोमट ते गरम पाण्यात ऑक्सिजन ब्लीच घालून तासभर भिजवावेत आणि मग धुवावेत. कापड मऊ करणारं द्रव त्या धुलाईत घालू नये, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि साबण आत पोचत नाही. एवढं करूनही वास राहिला तर शर्टाचं आयुष्य संपलं असं समजून नवा द्यावा. पुढच्या खरेदीत निदान काखेचा आणि पाठीचा भाग सुती ठेवायला शिंप्याला सांगता येतं.

आता त्या एका माणसाशी बोलण्याबद्दल. रजिस्टर ठीक आहे, कापड ठीक आहे, तरी अडचण आहे. इथे बरेच सुपरवायझर एक गोष्ट करतात जी त्यांना सौम्य वाटते: लॉकरमध्ये गुपचूप डिओडरंटची बाटली ठेवून देतात. ज्याला ती मिळते तो महिनाभर प्रत्येक सहकाऱ्याकडे बघून विचार करत राहतो की हे याचं काम तर नसेल. त्यापेक्षा सरळ, एकट्याला, पाळीच्या सुरुवातीला सांगावं. पाळी संपताना सांगितलं तर माणूस आठ तास असाच वावरलो हे मनात घेऊन घरी जातो, आणि त्या दिवसापुरता काही उपाय त्याच्या हातात नसतो. स्त्री कर्मचाऱ्याशी शक्यतो स्त्री सुपरवायझरने बोलावं. स्टीवर्ड वयाने मोठा आणि कॅप्टन लहान असेल, तर हुद्दा बाजूला ठेवून वयाचा मान ठेवावा.

"दादा, दोन मिनिटं युनिफॉर्म रूमकडे येता का?" असं म्हणून बाजूला घ्यावं आणि आत गेल्यावर घोळवत बसू नये. "दादा, काल आणि आज शर्टाला घामाचा वास जाणवला. म्हटलं दुसऱ्या कुणी बोलण्याआधी आपण बोलावं. शर्ट वेळेवर बदलून मिळतोय ना?" एवढं पुरतं. पुढे गप्प बसून ऐकावं. उत्तर बरेचदा अनपेक्षित असतं. स्टाफ क्वार्टरमध्ये एका खोलीत सहा-आठ जण राहतात, पाणी सकाळी तासभरच येतं आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाला दुपारी निघताना नळ कोरडा मिळतो. हे कळल्यावर मॅनेजरचं काम निराळंच होतं: स्टाफच्या बाथरूममध्ये दुपारी अडीचला पाणी, साबण आणि एक टॉवेल. कधी उत्तर असतं की औषधं चालू आहेत. काहींना अतिघामाचा त्रास असतो. थायरॉइडच्या विकारात, मधुमेहात साखर एकदम उतरली तर, किंवा काही औषधांमुळेही घाम वाढतो. आजाराचं नाव सांगायची सक्ती करू नये. डॉक्टरांना दाखवायला सुट्टी द्यावी आणि पाळीच्या मध्यात एक शर्ट जास्तीचा मिळेल अशी नोंद खिडकीवर करून ठेवावी. त्या नोंदीत कारण लिहायची गरज नाही.

दाढीचंही तसंच. आता बऱ्याच हॉटेलांत नीट कापलेली दाढी चालते आणि ते योग्य झालं. जिथे अजून रोज गुळगुळीत दाढी हवी असा नियम आहे, तिथे हे माहीत असायला हवं की कुरळ्या, राठ केसांच्या माणसांना रोज वस्तरा फिरवल्याने केस उलटे आत वाढतात, पुळ्या येतात, पू होतो. त्या चेहऱ्यावर रोज ब्लेड फिरवायला लावण्यात स्वच्छता नाही. त्यांना यंत्राने अगदी बारीक कापलेली दाढी ठेवू द्यावी. किचनमध्ये दाढी असेल तर दाढीची जाळी द्यावी. शीख कर्मचाऱ्याची पगडी युनिफॉर्मच्या रंगाची शिवून देता येते आणि अनेक ठिकाणी देतात. केस अन्नात पडू नयेत हा हेतू पगडीने पूर्ण साधतो.

दागिन्यांच्या नियमात सगळ्यात जास्त मनं दुखावतात, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. रूम स्वच्छ करणाऱ्या ताईच्या हातात काचेच्या बांगड्या असतात आणि गळ्यात मंगळसूत्र. "ड्युटीवर बांगड्या चालणार नाहीत" हे वाक्य तिच्या कानावर कसं पडतं याचा विचार लिहिणाऱ्याने केलेला नसतो. आता तिचं काम बघा. ती गादीचा कोपरा एका हाताने उचलते, दुसऱ्या हाताने चादर खाली सरकवते आणि कोपरा घट्ट दाबून बसवते. त्या वेळी मनगट गादी आणि पलंगाच्या लाकडात दाबलं जातं. काचेची बांगडी तिथे तडकते आणि पहिली जखम तिच्याच मनगटाला होते. तुकडा चादरीत राहिला तर दुसरी जखम गेस्टच्या पाठीला होते. पांढऱ्या चादरीत हिरवी काच दिसते, पारदर्शक दिसत नाही. बाथटब घासताना वाकलं की लांब मंगळसूत्र पुढे लोंबतं आणि क्लीनिंगच्या रसायनात भिजतं. तेच रसायन मग दिवसभर मानेला लागत राहतं आणि पुरळ येतं.

हे असं सांगितलं की पुढचा मार्ग बहुतेक वेळा ताईच सुचवतात. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत, मागे कॉलरपाशी पिनेने अडकवायचं, किंवा कामाला आखूड घालून यायचं. काचेऐवजी दोन्ही हातांत धातूची एक-एक घट्ट बांगडी, जी कोपराकडे सरकवता येते. काचेच्या बांगड्या काढणं ज्यांना अशुभ वाटतं त्यांच्या भावनेला हसू नये. त्यांच्यासाठी मनगटावर घट्ट बसणारी सुती पट्टी, म्हणजे स्वेटबँड, बांगड्यांवरून चढवता येतो. किचनमध्ये मात्र एवढी सवलत देता येत नाही. कणीक मळायच्या यंत्रात किंवा मोठ्या मिक्सरमध्ये लोंबणारी साखळी अडकली तर ती माणसाला आत ओढते, आणि हे सेकंदात होतं. तिथे गळ्यातलं काहीही कोटाच्या आत, वरचं बटण लावलेलं, आणि मनगट रिकामं.

इथे न्यायाची एक बाब राहून जाते. बायकांच्या बांगड्यांवर नियम होतात आणि पुरुषांच्या मनगटावरचे गंडे, दोरे, राखीचे महिनोन्महिने न काढलेले धागे तसेच राहतात. अन्न हाताळणाऱ्या माणसाच्या मनगटावरचा सुती दोरा दिवसभर ओला असतो, कच्च्या मांसाचं पाणी शोषतो आणि हात कितीही धुतले तरी स्वच्छ होत नाही. स्वच्छतेच्या दृष्टीने तो बांगडीपेक्षा वाईट. नियम करायचा तर दोघांना सारखा, आणि दोघांना सारख्याच आदराने सांगायचा. दोरा दंडावर बांधला तर बाहीखाली राहतो आणि श्रद्धाही राखली जाते.

अन्नसुरक्षेच्या 2011च्या नियमांतली एक गोष्ट इथे सांगायला हवी. परवाना आणि नोंदणीच्या त्या नियमांना जोडलेल्या चौथ्या अनुसूचीत अन्न हाताळणाऱ्यांच्या स्वच्छतेबद्दल लिहिलेलं आहे. त्यात स्वच्छ संरक्षक कपडे, डोक्यावरचं आवरण, मास्क, हातमोजे आणि पादत्राणं ही व्यवसाय चालवणाऱ्याने पुरवायची आहेत. ती कर्मचाऱ्यांनी रोज वापरावीत हे बघणंही त्याच्याकडेच आहे. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घ्यायची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे कायद्याचा क्रमच असा आहे की आधी पुरवा, मग अपेक्षा करा. बोर्डावरचे कागद बरेचदा दुसऱ्या पायरीपासून सुरू होतात.

काही नियम मला कागदावर असूच नयेत असं वाटतं. माणूस बदलू शकतो त्याबद्दल नियम असावा: नखं, स्वच्छता, केस बांधणं, कपड्यांची टापटीप. रंग, उंची, वजन, पांढरे केस, चेहऱ्यावरचं कोड, डोक्यावरचं टक्कल या गोष्टी ग्रूमिंगमध्ये येत नाहीत. रिसेप्शनवरच्या मुलींना लिपस्टिकची सक्ती मला पटत नाही. पुरुष सहकारी धुतलेल्या चेहऱ्याने नीटनेटका ठरतो, तर तीही ठरते. उंच टाचांचंही तेच. संगमरवरी फरशीवर आठ तास उभं राहणाऱ्या माणसाला आधार देणारा, न घसरणारा, कमी टाचेचा बूट हवा. केरळने 2018 साली आणि तामिळनाडूने 2021 साली दुकानं-आस्थापनांमधल्या कामगारांना बसायची सोय असावी म्हणून कायद्यात बदल केला. पाय दुखू नयेत ही मागणी आळशी माणसांची नाही, हे त्या बदलांनी मान्य केलं. साडीचा युनिफॉर्म असेल तर सलवार-कुर्ता किंवा पँट हा पर्याय ठेवावा. गरोदर कर्मचाऱ्यासाठी सैल जोड वेळेत शिवून द्यावा. तिला मागणी करावी लागू नये. फ्रंट ऑफिसला तिची बातमी आधी कळते, शिंप्याला मात्र शेवटी.

आता शिक्षेकडे येऊ, कारण हा प्रश्न प्रत्येक मॅनेजर विचारतो: एवढं सगळं करूनही एखादा ऐकत नसेल तर? पहिल्यांदा हे लक्षात घ्यावं की पॉलिश नाही म्हणून शंभर रुपये, उशीर झाला म्हणून दोनशे, असे हातोहात कापलेले दंड कायद्यात बसत नाहीत. 1936च्या वेतन प्रदान कायद्यात दंडाला मर्यादा होत्या आणि 2019च्या वेतन संहितेतही त्या आहेत. कोणत्या चुकीसाठी दंड होईल याची यादी सरकारची आधी मंजुरी घेऊन सूचनेने लावलेली असली पाहिजे. त्या माणसाला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. एका पगाराच्या काळातला एकूण दंड त्या काळातल्या वेतनाच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. 18,000 रुपयांच्या महिन्याला ही मर्यादा 540 रुपये होते. तो हप्त्याहप्त्याने वसूल करता येत नाही. आणि जमा झालेला पैसा रजिस्टरमध्ये नोंदवून कामगारांच्याच हितासाठी वापरायचा असतो, मालकाने ठेवायचा नसतो.

दंडापेक्षा उपयोगी पडतो तो युनिफॉर्म रूममधला एक छोटा खण. त्यात काळे मोजे, सुई-दोरा, सेफ्टी पिना, केसांच्या जाळ्या, एकदाच वापरायची रेझर, नेलकटर, सॅनिटरी पॅड, बुटाचा ब्रश आणि पॉलिश ठेवायचं. कुणाचे मोजे पांढरे असतील तर घरी पाठवून एक पाळी माणूस कमी करण्याऐवजी काळे मोजे द्यावेत. हा खण असला की ब्रीफिंगआधी दहा मिनिटं लोक स्वतःच तिकडे वळतात. शेजारी पूर्ण उंचीचा आरसा हवा, आणि तो लॉकर रूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लावला तर उपयोग नाही. गेस्टच्या भागात उघडणाऱ्या दाराच्या आतल्या बाजूला, ट्यूबलाइटखाली लावावा. कॉलर दुमडलेली आहे हे माणसाला कॅप्टनच्या आधी स्वतःला दिसलं पाहिजे.

तरीही जो माणूस सगळं मिळून, कारण कळून, वारंवार सांगूनही हात न धुता अन्नाला हात लावतो, त्याला अन्नाच्या कामावरून बाजूला करावंच लागतं. ते त्याला लेखी आणि एकट्याला कळवावं, कोणत्या दिवशी काय घडलं हे नेमकं लिहावं, आणि परत येण्यासाठी काय करायचं हेही त्यातच लिहावं. बाकीच्यांनी ते जाणण्याची गरज नाही.

नवं धोरण लिहायला बसताना बहुतेक लोक रिसेप्शनपासून सुरुवात करतात, कारण गेस्टला तेच आधी दिसतं. मी ती किचनच्या मागच्या बाजूच्या भांडी धुण्याच्या जागेपासून करायला सुचवते. तिथे काम करणाऱ्याला गेस्ट कधीच बघत नाही, म्हणून त्याला सगळ्यात जुना, दुसऱ्या कुणाचा उतरलेला युनिफॉर्म मिळतो. तो आठ तास पाण्यात उभा असतो. कापडी एप्रन पहिल्या तासात भिजतो आणि पोटाला चिकटतो. कापडी बुटात पाणी जातं, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि पावसाळ्यात त्या बऱ्याच होत नाहीत. त्याला गुडघ्यांखालपर्यंत येणारा रबरी एप्रन हवा, न घसरणाऱ्या तळव्याचे गमबूट हवेत, कोपरापर्यंतचे हातमोजे हवेत आणि पाळीच्या मध्यात बदलायला मोज्यांचा दुसरा कोरडा जोड हवा. गमबुटांचे दोन जोड असतील तर एक वाळत असताना दुसरा घालता येतो. त्याचं माप टेपने घ्यावं, कारण नऊ नंबरच्या पायाला दहाचा गमबूट दिला तर तो ओल्या फरशीवर पाय आत सरकून पडतो.